परक्या पैशांची वही

नोटीस रजिस्टर टपालाने आली होती आणि ती बारा दिवस दुकानातल्या गणपतीच्या फोटोमागे पडून होती. उत्तर देण्याची मुदत तीस दिवसांची होती. त्यातले बारा दिवस त्या फोटोमागे गेले, कारण दुकानाच्या मालकीणबाईंना ते पाकीट उघडण्याचा धीर झाला नव्हता. तेराव्या दिवशी मी हिशेब लिहायला गेलो तेव्हा त्यांनी ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून माझ्यापुढे ठेवले.

"काका, सरकारी दिसतंय. तुम्हीच बघा."

"बारा दिवस झाले, ताई! बारा! मुदत म्हणजे काय असते हे तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही का?"

"म्हणून तर दाखवत नव्हते. तुम्ही ओरडता."

त्यांचे म्हणणे खरे होते. मी ओरडतो. चौतीस वर्षे बँकेत कारकुनी केली आणि त्या काळात टेबलापलीकडच्या माणसावर आवाज चढवायची मुभा नव्हती. निवृत्तीनंतर ती सगळी थकबाकी मी वसूल करत आलो आहे, मुख्यतः पत्रांतून. निवृत्तीवेतनात वाढ होत नाही म्हणून पत्र, रस्त्यावरचे झाकण उघडे आहे म्हणून पत्र, वीजबिलातला स्थिर आकार कोणत्या नियमाने वाढला हे विचारणारे पत्र. प्रत्येकाची पोच मी जपून ठेवली आहे. घरी तीन फाइली आहेत.

पत्रांनी घर चालत नाही. निवृत्तीवेतन जिथे थांबले तिथेच आहे आणि औषधांचे बिल मात्र थांबत नाही. म्हणून पंचवटीतल्या पाच लहान दुकानांचे हिशेब मी लिहू लागलो. एक शिवणकामाचे साहित्य विकणारा, एक भांडीवाला, एक पिठाची गिरणी, एक वह्या-पुस्तकांचे दुकान, आणि पूजासाहित्य विकणाऱ्या या ताई. प्रत्येकी महिना दीड हजार रुपये. आठवड्यातून दोन दिवस दुपारी जायचे, बिले लावायची, रोकड वही आणि खतावणी लिहायची, आणि वर्षातून एकदा आयकराचे विवरणपत्र भरून द्यायचे. या दुकानदारांना सनदी लेखापालाची फी परवडत नाही आणि त्यांचा व्यवहारही तेवढा मोठा नाही. मला मात्र वाटत असे की मी त्यांना सनदी लेखापालाच्या तोडीचे काम देतो.

ताई विधवा. पन्नाशीच्या. नवऱ्यामागे दुकान त्यांनीच वाढवले. उदबत्ती, कापूर, हळदकुंकू, नारळ, जानवी, वाती. दुकानाची जागा भाड्याची, आणि त्या जागेवरच दोन माणसांचे पोट, त्यांचे आणि बारावीनंतर परिचारिकेचे शिक्षण घेणाऱ्या मुलीचे.

नोटीस वस्तू व सेवा कराची होती. तिचा मथितार्थ असा: तुमची गेल्या आर्थिक वर्षातली उलाढाल सेहेचाळीस लाख रुपये आहे. मालाच्या विक्रीसाठी चाळीस लाखांपुढे नोंदणी सक्तीची असते. तुम्ही नोंदणी केली नाही. तरी संपूर्ण उलाढालीवर अठरा टक्के दराने कर, त्यावर व्याज आणि दंड का आकारू नये, याचे कारण दाखवा. नुसता कराचा आकडा सव्वाआठ लाखांच्या वर होता.

मी तो आकडा मोठ्याने वाचला. ताई स्टुलावर बसल्या.

"आठ लाख? अहो काका, या दुकानात भिंतीसकट सगळं विकलं तरी आठ लाख येणार नाहीत. आणि भिंती तर मालकाच्या."

"काही द्यायचं नाही," मी म्हणालो. "एक रुपया द्यायचा नाही. मी पत्र लिहितो."

त्या संध्याकाळी मी घरी बसून चार पानांचे पत्र लिहिले. माझ्या आजवरच्या पत्रांत ते सर्वांत चांगले होते, असे तेव्हा मला वाटले. सेहेचाळीस लाख हा आकडा आपण कोठून पैदा केला, कोणत्या पुराव्याच्या आधारे एका विधवेच्या माथी मारला, नैसर्गिक न्यायाचे तत्त्व आपल्या कार्यालयास लागू आहे की नाही, असे प्रश्न त्यात एकामागून एक होते. बायकोला वाचून दाखवले. ती भाजी निवडत होती.

"छान आहे," ती म्हणाली. "पण त्यांनी आकडा कुठून आणला ते त्यांच्या कागदात लिहिलं नाहीये का?"

"ते कशाला लिहितील?"

"सगळी पानं बघितलीत?"

शेवटचे पान मी पाहिले नव्हते. नोटिशीमागे परिशिष्ट जोडलेले होते. त्यात एक लहान तक्ता होता आणि तक्त्याच्या शेवटच्या रकान्यात माहितीचा स्रोत दिलेला होता: करदात्याने स्वतः दाखल केलेले आयकर विवरणपत्र. त्याच्या शेजारी आकडा होता, रुपयांपर्यंत अचूक. तो आकडा मी ओळखला. तो मीच भरला होता.

कसा भरला, हे लिहायला हवे. ज्या वर्षाचे ते विवरणपत्र, त्या वर्षी मी ताईंचे हिशेब पाहत नव्हतो. दुकानाची अनामत वाढवून मागितली जात होती, त्यासाठी त्यांना कर्ज हवे होते, आणि बँक विवरणपत्र मागत होती. म्हणून त्यांनी मला बोलावले. नंतर कर्जाचा विचार त्यांनी सोडून दिला, पण विवरणपत्र मी भरून टाकले होते. मागची वही नव्हती. मी म्हणालो, काही हरकत नाही, बँकेचा उतारा काढा. उताऱ्यातल्या जमेच्या रकान्याची बेरीज केली. मोबाइलवरून आलेले अडतीस लाख झाले. गल्ल्यातल्या रोख विक्रीचे त्यांनी आठ लाख सांगितले. दोन्ही मिळून सेहेचाळीस. अंदाजित उत्पन्नाच्या कलमाखाली बँकेतून आलेल्या रकमेवर सहा टक्के आणि रोखीवर आठ टक्के नफा धरला, तो तीन लाखांच्याही आत आला, आयकर शून्य. ताईंच्या मोबाइलवर आलेला ओटीपी टाकून विवरणपत्र प्रमाणित केले. सगळे तासाभरात उरकले. कर शून्य आला म्हणजे काम निर्दोष झाले, अशी माझी समजूत.

चौतीस वर्षे मी लोकांना सांगत आलो होतो की खात्यात जे दिसते ते खरे. माणसे विसरतात, खोटे बोलतात, उतारा खोटे बोलत नाही. हे बँकेच्या टेबलामागे बसून खरेच असते. त्या खुर्चीवरून फक्त पैसे दिसतात. ते कुणाचे हे विचारायची गरज नसते, कारण खात्यावर नाव छापलेले असते.

ती चार पाने मी फाडली नाहीत. फाडण्याइतका राग माझ्यात उरला नव्हता. पत्र तसेच टेबलावर राहिले.

दुसऱ्या दिवशी मी सकाळीच दुकानात गेलो. एरवी मी दुपारी दोनला जात असे. तेव्हा दुकानासमोरचा पदपथ रिकामा असायचा, थोडी पाने आणि तुटके दोरे पडलेले असायचे. सकाळी आठ वाजता तिथे वेगळेच चित्र होते. झेंडूच्या ढिगामागे एक म्हातारे शेतकरी, त्यांच्या शेजारी गुलाबाच्या जुड्या घेऊन त्यांची सून, आणि पलीकडे मेथी-कोथिंबिरीची एक बाई. तिघेही मखमलाबादच्या पुढच्या मळ्यांमधून पहाटे माल घेऊन येत आणि बारापर्यंत परत जात. एका गिऱ्हाइकाने झेंडू घेतला, मोबाइल काढला, आणि पदपथावरून चालत येऊन ताईंच्या दारावरचा चौकोनी कोड टिपला. काउंटरवरचा स्पीकर म्हणाला, साठ रुपये मिळाले.

"मावशी, साठ माझे!" बाहेरून म्हातारबाबा ओरडले.

"घेतले!" ताईंनी आतून उत्तर दिले आणि गल्ल्याखालून एक वही काढून त्यात काहीतरी टिपले.

मी तिथे अर्धा तास उभा होतो. साठ माझे, चाळीस माझे, मावशी शंभरची जुडी माझी. स्पीकर बोलायचा, बाहेरून हाक यायची, आत वहीत नोंद व्हायची.

"ही काय वही आहे, ताई?"

"ही? ही त्यांची. बारा वाजता जाताना ज्याचे जेवढे झाले तेवढे रोख देऊन टाकते. कमी पडले तर मशीनमधून काढून आणते. त्यांच्या गावच्या पतसंस्थेत मोबाइलवर पैसे येत नाहीत ना."

"हे मला कधी सांगितलं नाहीत!"

"तुम्ही हिशेबाच्या वह्या मागितल्यात, काका. ही हिशेबाची नाही. हे पैसे माझे कुठे आहेत?"

त्यांच्या आवाजात उपरोध नव्हता. मी स्टुलावर बसलो आणि मागच्या वर्षीच्या वह्या मागितल्या. वह्या पाच निघाल्या. प्रत्येक दिवसाचे तीन रकाने, खाली बेरीज, आणि बेरजेपुढे पैसे घेणाऱ्याची खूण. म्हातारबाबांचा इंग्रजी एकासारखा एक उभा फराटा, सुनेची पूर्ण सही, भाजीवाल्या बाईचे पहिले अक्षर. मी चार दिवस त्या वह्यांची बेरीज करत होतो. तिघांचे मिळून वर्षाचे बावीस लाख झाले. उताऱ्याच्या नावेच्या बाजूला, म्हणजे पैसे बाहेर जातात त्या रकान्यात, जो मी कधी पाहिलाच नव्हता, एक-दोन दिवसांआड काढलेली रोख रक्कम होती, वर्षाची चौदा लाख. उरलेले आठ लाख गल्ल्यातून गेले होते. आठ आणि चौदा, बावीस. सगळे रुपयाला रुपया जुळत नव्हते, पण जुळत होते.

म्हणजे ताईंची स्वतःची विक्री मोबाइलवरची सोळा लाख आणि रोखीची आठ, एकूण चोवीस. चाळीसच्या कितीतरी आत. नोंदणीची गरजच नव्हती. सव्वाआठ लाखांचा तो बोजा जन्माला आला तो माझ्या बेरजेतून.

ती चूक परस्पर दुरुस्त होणार नव्हती. सुधारित विवरणपत्राची मुदत डिसेंबरअखेर संपली होती, आणि त्यानंतरचे अद्ययावत विवरणपत्र उत्पन्न कमी दाखवण्यासाठी भरता येत नाही. आता मार्ग एकच होता. कार्यालयापुढे पुराव्यानिशी सिद्ध करायचे की बावीस लाख परक्यांचे होते. त्यासाठी त्या परक्यांचे लेखी निवेदन हवे होते.

यात त्यांना कायद्याने काहीच भय नव्हते. स्वतःच्या जमिनीतले पीक विकणाऱ्या शेतकऱ्याला या कराची नोंदणी लागत नाही, आणि ताजी फुले व भाजी यांवर कर नाहीच. निवेदन आणि सातबाऱ्याची प्रत, एवढेच पुरे होते. मी तिघांना पदपथावर गाठले आणि कलमासकट समजावले. मग भाजीवाल्या बाईने कोथिंबिरीवर पाणी शिंपडले.

"तुमीच ना ते? चष्म्यावाले? मागं महापालिकेला पत्र लिवलं व्हतं?"

मी होय म्हणालो. पंचवटीतले पदपथ पादचाऱ्यांसाठी मोकळे ठेवावेत, असे एक सविस्तर पत्र मी दोन वर्षांपूर्वी लिहिले होते. त्यावर कारवाई झाली, याचा मला त्यावेळी आनंद झाला होता.

"गाडी आली व्हती. माजे सात क्रेट उचलून नेले. भरलेले. दंड भरून सोडवले तवर मेथी सडली." तिने पाण्याचा मग खाली ठेवला. "तुमच्या कागदावर सही कराची? आमी?"

"हे वेगळं प्रकरण आहे, बाई. कायद्यानं..."

"कायदा तवाबी तुमच्याच बाजूला व्हता."

म्हातारबाबा हसले, दात नसलेल्या तोंडाने. "आरं, साहेब लय शिकलेलं हायेत. आपलं नाव लिवतील, मंग आपल्याकडंबी पाकीट यील. नको बाबा." त्यांची सून गुलाबाच्या जुड्या बांधत राहिली.

मी दुकानात परतलो तो संतापून. ज्या बाईने वर्षभर एक पैसा न घेता यांचे पैसे सांभाळले, तिच्यासाठी हे एक सही करत नाहीत! मी ताईंना म्हणालो की मी या तिघांना कायदेशीर नोटीस काढतो.

ताई वाती मोजत होत्या. त्या थांबल्या.

"कसली नोटीस, काका? त्यांनी काय केलंय?"

"सहकार्य नाकारलं!"

"त्यांना काय सांगितलंत तुम्ही? ही चूक कुणाची म्हणून सांगितलंत?"

मी कलम सांगितले होते, सातबारा सांगितला होता, कर लागणार नाही हेही सांगितले होते. चूक कुणाची, हे सांगितले नव्हते. ताईंनाही मी ते पुरते सांगितले नव्हते. आकड्यांत गफलत झाली आहे, असे म्हणालो होतो. त्यांना मात्र समजले होते. किती दिवसांपासून, हे मी विचारले नाही.

"माझी," मी म्हणालो. "पूर्ण माझी."

"हं," ताई म्हणाल्या आणि पुन्हा वाती मोजू लागल्या. "मग तेच सांगा त्यांना."

दुसऱ्या सकाळी मी पदपथावर गेलो. बसायला जागा नव्हती म्हणून म्हातारबाबांनी एक रिकामा क्रेट उलटा करून दिला. मी त्यावर बसलो आणि सांगितले. उतारा, बेरीज, सेहेचाळीस लाख, नोटीस. सांगताना दोन वेळा माझा आवाज चढला आणि दोन्ही वेळा मी स्वतःवरच ओरडत आहे, हे मला कळले.

"म्हंजी साहेब बी चुकत्यात का?" म्हातारबाबांनी खऱ्याखुऱ्या कुतूहलाने विचारले.

"चुकलो."

भाजीवाल्या बाईने विचारले, "मावशीला किती भरावं लागल?"

मी आकडा सांगितला. तिने सुनेकडे पाहिले. मग म्हणाली, "आदी तुमी लिवा. तुमची चूक, तुमच्या हातानं, सहीनिशी. हितं बसून. मंग ही पोर वाचून दाखवील आमाला. पटलं तर आमी करू सही."

आयुष्यात मी शेकडो पत्रे लिहिली. प्रत्येकात कुणीतरी दुसरा चुकलेला असे. त्या सकाळी क्रेटवर बसून, मांडीवर फाइल ठेवून लिहिलेले पत्र दहा ओळींचे होते. मी, खाली सही करणार, निवृत्त बँक कर्मचारी, असे लिहून देतो की सदर दुकानाच्या मालकीणबाईंचे विवरणपत्र मी भरले. बँक खात्यात जमा झालेली रक्कम कोणाची आहे याची चौकशी न करता मी ती सर्व त्यांची विक्री म्हणून दाखवली. रोख रक्कम कशासाठी काढली गेली हे मी पाहिले नाही. ही चूक माझी आहे. त्यांनी मला कोणतीही माहिती खोटी दिलेली नाही.

सुनेने ते मोठ्याने वाचले. वाचता वाचता ती एका शब्दावर अडली आणि मी सांगण्याआधीच तिने तो बरोबर लावला. आजूबाजूची दोन गिऱ्हाइके थांबून ऐकत होती. म्हातारबाबांनी मान डोलावली. भाजीवाली बाई म्हणाली, "क्रेटचं नाय लिवलं."

"क्रेटचं कुठं लिहायचं यात?"

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "म्या बोलून दावलं, बास." आणि तिने निवेदनावर पदर सावरून सही केली. पहिले अक्षर नव्हे, पूर्ण नाव. त्याला तिला पाच मिनिटे लागली. मग म्हातारबाबांचा फराटा आणि सुनेची सहीही झाली.

सगळे कागद जोडून उत्तर मुदतीत दाखल झाले. आता प्रश्न सुनावणीचा. अधिकाऱ्यापुढे ताईंच्या वतीने मीच उभा राहणार, असे मी गृहीत धरले होते. मग कलम पुन्हा वाचले. करदात्याच्या वतीने हजर राहण्याचा अधिकार नातेवाइकाला, नियमित कर्मचाऱ्याला, वकिलाला, लेखापालाला, किंवा कराच्या कामाची नोंदणी असलेल्या व्यावसायिकाला. मी यांपैकी कोणीच नव्हतो.

"मग लिहून देते की, तुम्ही माझे नोकर," ताई म्हणाल्या. "मागच्या वर्षीपासून. पगार दीड हजार. नोकर तर आहातच तसे, माझ्यावर ओरडणारे."

"आठवड्यातून दोन दुपारी येणारा माणूस नियमित कर्मचारी नसतो. खोटा कागद मी देणार नाही."

"आणि वकील?"

वकिलाने सांगितलेली फी आम्ही दोघांनी ऐकली होती. ती ताईंच्या ऐपतीबाहेरची होती.

"मग मीच बोलते," ताई म्हणाल्या.

सुनावणीच्या दिवशी दुकानाला कुलूप होते. ताईंनी इस्त्रीची साडी नेसली होती आणि पाचही वह्या कापडी पिशवीत घेतल्या होत्या. अधिकारी माझ्या मुलीच्या वयाची होती. तिने माझ्याकडे पाहून विचारले, "तुम्ही कोण?"

"विवरणपत्र भरणारा. पत्र माझं आहे."

"म्हणजे प्रतिनिधी नाही?"

"नाही. मला तो अधिकार नाही."

"मग बसा. विचारलं तर बोला."

मी बसलो. तिने वह्या चाळल्या, उतारा समोर ठेवला आणि ताईंना विचारले, "हे पैसे तुमच्या खात्यात घेऊन तुम्हाला काय मिळतं? कमिशन?"

"नाही, मॅडम. झेंडू घ्यायला माणूस थांबला की त्याला कापूर लागतो, उदबत्ती लागते. ते समोर बसतात म्हणून माझं दुकान चालतं. कधी कोथिंबिरीची जुडी ठेवतात."

"जुडी वहीत लिहिलेली नाही."

ताई दचकल्या. मग अधिकाऱ्याच्या तोंडावरचे हसू पाहून म्हणाल्या, "चटणी झाली तिची."

अधिकाऱ्याने मध्येच एक पान उघडले, दसऱ्याच्या आदल्या दिवसाचे. बेरीज पाहिली, उताऱ्यात त्या दिवशी काढलेली रोख पाहिली. जुळले. दुसरे पान उघडले. तिथे म्हातारबाबांच्या रकान्यात अकराशे चाळीस होते, पण पुढे फराटा नव्हता.

"इथे खूण नाही. पैसे दिले की नाही?"

चार दिवस बेरजा करूनही ते पान माझ्या नजरेतून सुटले होते.

ताईंनी वही स्वतःकडे ओढली. "हा दिवस... त्या दिवशी बाबा चक्कर येऊन पडले होते. मुलगा मोटारसायकलवर घेऊन गेला. पैसे घ्यायचे राहिले. दोन पानं पुढे बघा, मॅडम. तिसऱ्या दिवशी आले तेव्हा दोन्हीचे मिळून दिले." अधिकाऱ्याने दोन पाने उलटली. तिथे एकाऐवजी दोन फराटे होते आणि बाजूला ताईंच्या अक्षरात लिहिलेले, मागचे धरून.

अधिकाऱ्याने वही बाजूला ठेवली. मग तिने माझे पत्र उचलले.

"हे तुम्ही स्वतःहून लिहिलंत?"

"नाही," मी म्हणालो. "लिहायला लावलं."

"कुणी?"

"ज्यांचे पैसे होते त्यांनी."

तिने ते फाइलमध्ये लावले. पुढे आणखी काही प्रश्न झाले, मालाच्या खरेदीची बिले, भाड्याची पावती. सगळ्यांना ताईंनी उत्तरे दिली. मला पुन्हा विचारले गेले नाही.

आदेश पाच आठवड्यांनी आला. स्वतःची उलाढाल चोवीस लाख, नोंदणीची मर्यादा ओलांडलेली नाही, सबब कार्यवाही बंद करण्यात येत आहे. ताईंनी तो मला दोनदा वाचायला लावला. दुसऱ्यांदा वाचताना त्यांनी डोळ्यांना पदर लावला आणि लगेच गिऱ्हाइकाला नारळ दिला.

बाकीच्या चार दुकानांची विवरणपत्रे मी त्यानंतर पुन्हा काढली आणि प्रत्येक दुकानदाराला जाऊन विचारले की खात्यात येणारे सगळे पैसे तुमचेच आहेत का. भांडीवाल्याच्या खात्यात त्याच्या मेहुण्याचे पैसे येत होते. मी चूक सांगितली तेव्हा तो म्हणाला, "काका, दोन वर्षांनी विचारताय?" आणि त्याने दुसरा माणूस पाहिला. मी हरकत घेतली नाही. म्हातारबाबांच्या सुनेने पोस्टात खाते उघडून स्वतःचा कोड लावला. भाजीवाल्या बाईने उघडले नाही. तिचे पैसे अजून ताईंच्याच खात्यात येतात. मी ते आता खतावणीत वेगळ्या खात्यावर देणे म्हणून लिहितो आणि गेलो की प्रत्येक दिवसाचे बारा वाजता शून्य झाले की नाही हे वहीत पाहतो.

आदेश आला त्या महिन्याच्या शेवटी मी ताईंपुढे एक पाकीट ठेवले. त्यात वर्षभराची माझी फी होती, अठरा हजार. मला वाटले होते की त्या नको म्हणतील, आणि मी आग्रह करीन.

ताईंनी पाकीट उघडले, नोटा काढल्या आणि मोजल्या. मग म्हणाल्या, "सुनावणीच्या दिवशी दुकान बंद होतं. त्या वह्यांच्या झेरॉक्सला साडेअकराशे गेले. मुलीची फी भरायची आहे." त्यांनी नोटा गल्ल्यात ठेवल्या.

"पावती देऊ का, काका?"

"द्या," मी म्हणालो.

त्यांनी पावतीपुस्तक काढले, तारीख घातली आणि कशाबद्दल या ओळीपाशी येऊन थांबल्या. माझ्याकडे पाहिले. मी सांगितले तसे त्यांनी लिहिले: चुकीच्या कामाची फी परत. मी पावती घडी करून खिशात ठेवली आणि त्या दिवसाची बिले लावायला बसलो.